एक प्यादं कमी आणि हत्तीचा शेवट: प्रत्येक वेळी का हरतो?

तक्रार नेहमी एकाच शब्दांत येते: "फक्त एकच प्यादं कमी होतं, दोघांकडे एकेक हत्ती होता, ड्रॉ व्हायला हवा होता, पण हरलो." एकदा झालं तर घड्याळाला दोष देता येतो. तीन-चार स्पर्धांत तेच झालं, तर चूक घड्याळाची नसते, हत्तीच्या जागेची असते. मीही हेच भोगलं आहे, त्यामुळे माझ्या हरलेल्या डावापासूनच सुरुवात करतो.

जिल्ह्याच्या एका स्पर्धेत शेवटच्या फेरीत मी काळ्या मोहऱ्यांनी खेळत होतो. पटावर उरलं होतं ते एवढंच: पांढऱ्याचा राजा g5 वर, प्यादं f5 वर, हत्ती a7 वर, माझा राजा g8 वर आणि हत्ती b1 वर. चाल माझी. मला आठव्या रांगेवर मात होण्याची भीती वाटली, म्हणून मी हत्ती b8 वर आणला आणि मनात म्हटलं, आता घर सुरक्षित. पांढरा राजा g6 वर आला. मी हत्ती c8 वर हलवला, कारण दुसरं करण्यासारखं काही दिसत नव्हतं. प्यादं f6 वर सरकलं. मी हत्ती परत b8 वर आणला. स्थिती अशी झाली, पटावर मांडून बघा:

```
1r4k1/R7/5PK1/8/8/8/8/8 w - - 0 1
```

आता पांढरा हत्ती g7 वर शह देतो. राजा f8 वर गेला, तर हत्ती h7 वर येतो आणि h8 वर मात दिसू लागते. राजाला g8 वर परतावं लागतं. मग प्यादं f7 वर शह देत येतं, राजा f8 वर जातो, हत्ती h8 वरून शह देतो, आणि राजा बाजूला झाला की माझा b8 वरचा हत्ती उघड्यावर पडतो. पहिल्या शहाला राजा h8 वर नेला असता, तरी हत्ती h7 वर शह देऊन याच वाटेवर आणतो. माझा हत्ती शेवटपर्यंत आठव्या रांगेवर पहारा देत होता आणि अख्ख्या शेवटात त्याने एकही शह दिला नव्हता.

डाव संपल्यावर क्लबातल्या एका ज्येष्ठ खेळाडूंनी, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, पट पुन्हा मांडला. माझी b8 ची चाल मागे घेतली आणि हत्ती b6 वर ठेवला. म्हणाले, "आता तो काय करतो ते सांग बघू." मी दहा मिनिटं पांढऱ्याच्या बाजूने प्रयत्न केला. काही झालं नाही.

रोगाचं निदान इथेच आहे. हत्ती राजाच्या ओळीत बसवला की तो वाचवल्यासारखा वाटतो, पण खरं म्हणजे तो बांधला जातो. समोरचा राजा निवांत पुढे येतो, कारण त्याला शह देणारं कुणीच नसतं. तुमचा डाव याच वाटेने चालला आहे का हे ओळखायला एक साधी परीक्षा पुरते: समोरच्या राजाने एक पाऊल पुढे टाकलं, तर माझा हत्ती त्याला शह देऊ शकतो का? लागोपाठ दोन चालींना उत्तर "नाही" आलं, तर डाव हातातून चालला आहे, प्यादं कितव्याही घरावर असो.

एक अपवाद आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे गोंधळ होईल. प्यादं पटाच्या कडेला म्हणजे a किंवा h वर असेल, किंवा b किंवा g वर असेल, आणि तुमचा राजा त्याच्या समोर असेल, तर आठव्या रांगेवर नुसतं बसूनही बहुतेक वेळा निभावतं. वरच्या स्थितीतला पांढरा राजा आणि प्यादं एक घर उजवीकडे सरकवा: पांढरा राजा h6 वर, प्यादं g6 वर, काळा राजा g8 वरच. g7 वर शह आला की राजा h8 वर जातो, आणि पांढऱ्याच्या हत्तीला पलीकडून फिरून यायला पट्टीच उरलेली नसते. पण c, d, e, f या चार पट्ट्यांवर ही सवय मारक आहे, आणि डावात बहुतेक वेळा प्यादं तिथेच असतं.

आता मागून बचाव. फिलिदोर हा अठराव्या शतकातला फ्रेंच संगीतकार आणि त्या काळचा सर्वांत मोठा बुद्धिबळपटू. १७७७ साली त्याच्या पुस्तकात आलेला हा बचाव आजही रोज कुणालातरी अर्धा गुण मिळवून देतो. e प्याद्यावर तो असा दिसतो:

```
4k3/7R/r7/3KP3/8/8/8/8 w - - 0 1
```

काळा राजा प्याद्याच्या वाटेवर e8 ला उभा आहे. काळा हत्ती सहाव्या रांगेवर आहे आणि त्याचं एकच काम आहे: पांढऱ्या राजाला त्या रांगेवर पाय ठेवू न देणं. पांढरा नुसता हत्ती इकडेतिकडे हलवत राहिला, तर तुम्हीही a6 आणि b6 या घरांत हत्ती हलवत राहा. घाई करू नका. काहीतरी करायला हवं असं इथे सारखं वाटत राहतं, आणि त्याच हुरहुरीत लोक ही स्थिती मोडतात.

राजा पुढे येऊ शकत नाही म्हणून कधी ना कधी पांढऱ्याला प्यादं e6 वर ढकलावं लागतं. घंटा वाजते ती या क्षणी. प्यादं सहाव्या रांगेवर आलं की हत्तीने ती रांग सोडून पटाच्या दुसऱ्या टोकाला, पहिल्या रांगेवर जायचं:

```
1. e6 Ra1
2. Kd6 Rd1+
3. Ke5 Re1+
4. Kf6 Rf1+
```

दुसऱ्या चालीनंतर पांढऱ्याला h8 वर मात द्यायची होती, पण त्याआधी शह येतो आणि मग शह थांबतच नाहीत. यामागचं कारण नीट लक्षात घ्या, कारण तेच कळलं की चाली पाठ कराव्या लागत नाहीत. प्यादं e5 वर होतं तेव्हा त्याच्या पुढचं e6 घर पांढऱ्या राजाचं छप्पर होतं; तिथे उभं राहिलं की मागून येणारा शह प्यादं झेलतं. प्यादं स्वतःच e6 वर गेलं आणि ते छप्पर संपलं. आता राजा d6 ला जावो, f6 ला जावो, मागून उघडाच आहे.

म्हणून या बचावात चुका होतात त्या वेळेच्या. पहिली चूक म्हणजे लवकर जाणं. प्यादं अजून e5 वर असताना हत्ती a1 ला नेला, तर पांढरा राजा d6 वर येतो, शह मिळाला की e6 वर लपतो आणि h8 वर मात करण्याची धमकी उभी करतो. डाव तेवढ्याने लगेच हरत नाही, पण काळ्या राजाला f8 वर, म्हणजे पटाच्या आखूड बाजूला पळावं लागतं आणि हत्ती लांब बाजूला मोकळा ठेवावा लागतो. हे सगळं पाच सेकंदांच्या इन्क्रिमेंटवर शोधणं सोपं नाही. दुसरी चूक म्हणजे उशीर. प्यादं e6 वर आल्यावरही हत्ती सहाव्या रांगेवर रेंगाळला, तर पांढरा राजा e5 वरून f6 वर पोहोचतो. तिथे तुमचा हत्ती त्याला शह देऊ शकत नाही, कारण त्याच रांगेवर मध्ये e6 चं प्यादं आडवं आलेलं असतं. आणि h8 वर मात बसते. राजा e5 वर असेपर्यंत हत्ती पहिल्या रांगेवर नेला तर अजून निभावतं, f6 वर पोहोचल्यावर नाही.

अंतराचंही भान हवं. मागे जायचं म्हणजे शक्य तितकं मागे. हत्ती तिसऱ्या रांगेवरून शह द्यायला लागला, तर पांढरा राजा e5 वरून f4 वर येऊन थेट त्या हत्तीलाच हुसकावतो. पहिल्या रांगेवर गेलात की राजाला तुमच्यापर्यंत यायला एवढी घरं चालावी लागतात की तोवर प्यादं मागे एकटं पडतं.

पण फिलिदोरसाठी तुमचा राजा प्याद्याच्या वाटेवर असावा लागतो. पुष्कळदा तो नसतो, समोरच्या हत्तीने त्याला एका पट्टीपलीकडे तोडलेलं असतं. तिथे हत्ती समोरून लढतो, आणि हा बचाव लोकांना फार कमी माहीत असतो. ही स्थिती मांडा, चाल पांढऱ्याची:

```
4r3/8/6k1/8/4P3/3K4/8/5R2 w - - 0 1
```

काळा राजा g6 वर आहे आणि पांढऱ्या हत्तीने f पट्टी अडवली आहे, म्हणजे राजा प्याद्यासमोर येऊ शकत नाही. काळा हत्ती e8 वर, प्याद्याच्या समोर पण दूर आहे. मध्ये e5, e6, e7 ही तीन रिकामी घरं आहेत. या तीन घरांत सगळा बचाव साठवलेला आहे.

पांढऱ्याला प्यादं पुढे न्यायचं तर राजाचा आधार लागतो. तो d4 वर आला की d8 वरून शह. राजा c5 वर गेला की हत्ती e8 वर परत आणि प्याद्यावर नजर, कारण राजा दूर गेल्याने ते आता उघडं आहे. राजा d5 वर आला की पुन्हा d8 वरून शह. राजा e5 वर येऊन प्याद्याला बिलगला, तर e8 वरून शह: d6 वर गेला की हत्ती e4 चं प्यादं खातो. आणि f4 वर उतरला तर त्याहून वाईट, हत्ती f8 वरून शह देतो. राजा f पट्टी सोडतो आणि मागे f1 वरचा त्याचा हत्ती मारला जातो. मी हे पहिल्यांदा पटावर पाहिलं तेव्हा तीनदा परत लावून खात्री केली.

पांढऱ्याकडे उपाय दोनच उरतात. एक, हत्ती e1 वर आणून प्याद्याला आधार देणं. पण मग f पट्टी मोकळी होते, काळा राजा f6 वर धावतो आणि प्याद्याची वाट अडवायला पोहोचतो. दोन, हत्ती f4 वर आणून पट्टीही राखणं आणि प्यादंही राखणं. ही खरी धोक्याची चाल. तिला उत्तर एकच, राजा g5 वर. त्या हत्तीला आता कुठेतरी जावं लागतं आणि दोन कामांपैकी एक सुटतं.

म्हणूनच या बचावात तुमचा राजा कुठे उभा आहे, याला हत्तीइतकंच महत्त्व आहे. तो g6 किंवा g5 वर हवा. त्याच स्थितीत राजा g7 वर असेल तर फक्त एक चाल कमी पडते आणि डाव जातो: राजा c5 वर असताना हत्ती f4 वर येतो, काळा राजा g6 वर पोहोचतो, पांढरा राजा d6 वर येतो, आणि काळा राजा g5 वर जाऊन हत्तीला छेडतो तेव्हा पांढरा हत्ती f5 वर शह देतो. त्याला e4 चं प्यादं राखतं आणि राजाला हटावं लागतं. राजा हलवायला वेळ मिळतो तो आधी, शह सुरू होण्यापूर्वी. तेव्हाच त्याला सहाव्या रांगेवर आणून ठेवा.

समोरच्या बचावाची मर्यादाही स्पष्ट आहे. मध्ये तीन घरं असली तर शह पुरतात. प्यादं e5 वर पोहोचलं की मध्ये दोनच घरं राहतात, आणि मग शह घेत घेत पांढरा राजा d6 वरून c7 वर येतो, हत्तीवर चाल करतो, आणि हत्ती सरकला की प्यादं e6 वर निघतं. म्हणजे प्यादं चौथ्या रांगेवर किंवा त्याच्या अलीकडे असतानाच समोरून लढायचं. तसंच राजा एका पट्टीने तोडलेला असेल तरच. e प्याद्याच्या वेळी तो दोन पट्ट्यांनी तोडलेला, म्हणजे h पट्टीवर अडकलेला असेल, तर पांढऱ्याला एवढा वेळ मिळतो की समोरचे शहही पुरत नाहीत.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून थोडं थांबतो. "हत्ती प्याद्याच्या मागे ठेवावा" हे जर्मन बुद्धिबळपटू टाराशचं म्हणणं सगळ्यांनी ऐकलेलं असतं, आणि त्यामुळे समोरचा हत्ती म्हणजे वाईट हत्ती असं डोक्यात बसतं. १९२७ च्या ब्यूनस आयर्समधल्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यातला ३४ वा आणि शेवटचा डाव त्याला कारण आहे. अलेखिनचा हत्ती आपल्या a प्याद्याच्या मागे होता, एक प्यादं कमी असलेल्या कापाब्लांकाचा त्याच प्याद्यासमोर चिकटून अडकला होता. अलेखिनने ८२ चालींत तो डाव जिंकला आणि विश्वविजेता झाला. पण तिथे समोरच्या हत्तीचं दुखणं नेमकं काय होतं ते बघा. तो प्याद्याला टेकून उभा होता. प्यादं एक घर पुढे सरकलं की त्याचं एक घर कमी होणार आणि मागच्या हत्तीचं एक वाढणार. वरच्या स्थितीतला e8 वरचा हत्तीही समोरच आहे, पण त्याच्या आणि प्याद्याच्या मध्ये तीन घरं आहेत आणि तो अडवण्यासाठी उभा नाही, शह देण्यासाठी उभा आहे. समोर की मागे, यापेक्षा जवळ की दूर हा प्रश्न आधी विचारा.

कडेच्या प्याद्याचा एक प्रकार राहिला, कारण तो सर्वांत जास्त वेळा होतो. पांढऱ्याचा हत्ती a8 वर, प्यादं a7 वर, तुमचा हत्ती मागे a1 वर, राजा g7 वर. पांढरा राजा प्याद्याच्या मदतीला b7 वर आला की b1 वरून शह, आणि त्याला लपायला जागा नाही. तो परतला की हत्ती पुन्हा a1 वर. तुमच्या राजाने g7 आणि h7 सोडून कुठेही जायचं नाही. f7 वर गेलात तर पांढरा हत्ती h8 वर जातो, तुम्ही a7 चं प्यादं खाल्लं की h7 वरून शह येतो आणि हत्ती जातो. पण प्यादं a6 वर थांबलं असेल तर मागचा हत्ती पुरत नाही, कारण आता राजाला a7 वर लपता येतं. तेव्हा हत्ती बाजूला, f6 वर आणा आणि आडवा प्याद्यावर रोखून धरा. राजा b5 वर येऊन प्याद्याला आधार देईल तेव्हा f5 वरून शह द्या, आणि प्यादं a7 वर सरकलं की लगेच हत्ती a6 वर, मागे.

सरावासाठी मी काय केलं ते सांगतो. फिलिदोरची आणि समोरच्या बचावाची स्थिती रोज एकदा, मित्रासमोर, मी काळा घेऊन आणि दोघांना तीन-तीन मिनिटं ठेवून खेळलो. त्याला सांगितलं होतं की नेमकी चाल खेळू नकोस, मला चकवायला बघ: पंधरा चाली नुसता हत्ती हलव, मग अचानक प्यादं ढकल. दुसऱ्या आठवड्यात e6 ची चाल पटावर आली की माझा हात आपोआप a1 कडे जाऊ लागला. पुढच्या स्पर्धेत d प्याद्यावर तीच स्थिती आली. समोरच्याने चाळीस चाली वाट पाहिली, मग प्यादं d6 वर ढकललं. माझा हत्ती पहिल्या रांगेवर गेला, चार शह दिले, आणि त्याने हात पुढे केला.